धागा: ६ मिमी पत्र्याचा बॉक्स खांब, मधोमध आडवी पट्टी दिली तर बकलिंगला किती फायदा?

बुटीबोरीकर
नमस्कार मंडळी. एका मशिनच्या आधारासाठी चौकोनी बॉक्स खांब करायचा आहे. चारही बाजूंना ६ मिमी प्लेट, ई२५० प्रतीची. आतून रुंदी ६०० मिमी, वरच्या आणि खालच्या डायफ्रॅममधली उंची १८०० मिमी. भार सरळ अक्षावर. सगळे गुणक धरून प्लेटमध्ये साधारण १०० मेगापास्कल दाब येतो.

तपासणाऱ्याने ड्रॉइंग परत पाठवलंय, शेरा एवढाच: "प्लेटचं बकलिंग बघा." माझा विचार असा की प्रत्येक बाजूला आतून, बरोबर ९०० मिमीवर एक आडवी पट्टी वेल्ड करावी. म्हणजे १८०० चे दोन तुकडे ९००-९०० चे होतील. लांबी अर्धी झाली की क्रांतिक ताण चौपट व्हायला हवा ना? का आणखी एक टाकून ६०० चे तीन भाग करू? पट्टीची रुंदी-जाडी किती घ्यावी तेही सांगा.

सावजी_तिखट
अरे भाऊ, इतकं काय डोकं लावून राहिला? ऑयलरचं सूत्र आहे ना. लांबीचा वर्ग खाली असते. लांबी अर्धी, ताण चौपट. दोन टाकल्या तं नऊपट. दोन टाक आन् मोकळा हो.

खडूस_ड्राफ्ट्समन
नऊपट! मग दहा पट्ट्या टाकून १ मिमीच्या पत्र्यात खांब करा. माल वाचेल, पोस्टर चिकटवायला जागाही होईल.

गणिती_काकू
सावजीभाऊ, तुमचं सूत्र खांबाचं आहे, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात त्याचं. इथे चारही कडा धरलेल्या आहेत, त्यामुळे गणित दुसऱ्याच अंगाने जातं. ब्रायनने १८९१ साली हे सोडवलं. चारही कडा नुसत्या टेकलेल्या आणि एका दिशेने दाब असेल तर

```
σcr = k · π²E / (12(1−ν²)) · (t/b)²
k   = (m·b/a + a/(m·b))²
```

यात b ही भाराला आडवी रुंदी, म्हणजे तुमचे ६००. a म्हणजे भाराच्या दिशेची लांबी, १८००. m म्हणजे लांबीत किती पोटं येतात ते, एक बाहेर, एक आत अशी. नीट बघा, वर्गात खाली जी बसली आहे ती रुंदी आहे. लांबी फक्त k मधून डोकावते, आणि तीसुद्धा रुंदीशी असलेल्या गुणोत्तरातून.

पोलादासाठी E = २ लाख आणि ν = ०.३ घेतलं तर k सोडून बाकीचा आकडा १,८०,७६२ गुणिले (t/b)² असा येतो. तुमचं t/b म्हणजे ६/६००, बरोबर १/१००. म्हणून ताण = १८.०८ × k मेगापास्कल. एवढा एकच आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं.

तुमच्या प्लेटचं a/b = ३. m = ३ घातलं की k = ४, त्याहून कमी कुठल्याच m ला येत नाही. क्रांतिक ताण ७२.३. तुमचा दाब १००. तपासणाऱ्याचं चुकलेलं नाही.

आता पट्ट्या टाकून बघू. हे तुमच्याच प्लेटचे आकडे आहेत:

एकही आडवी पट्टी नाही: ७२.३
मधोमध एक, भाग ९०० चा: ७८.५
दोन, भाग ६०० चा: ७२.३
तीन, भाग ४५० चा: ७८.५
चार, भाग ३६० चा: ९२.९
पाच, भाग ३०० चा: ११३

दोन पट्ट्यांची ओळ पुन्हा एकदा वाचा.

बुटीबोरीकर
काकू, दोन टाकून काहीच फायदा नाही? आणि एकीपेक्षा दोन वाईट? टायपिंगची चूक तर नाही ना?

गणिती_काकू
चूक नाही. पट्टी नसतानाच ती प्लेट १८०० मध्ये तीन पोटं काढते, प्रत्येकी ६०० लांब. पोटांच्या मधल्या दोन रेषांवर प्लेट मुळात हलतच नाही. तुम्ही बरोबर त्याच रेषांवर पट्ट्या लावल्या. जी जागा हलणारच नव्हती ती धरून ठेवली, तर प्लेटला काय फरक पडणार?

मधोमध एक लावली की मात्र मधल्या पोटाच्या टोकावरच हात पडतो. आता प्रत्येक ९०० च्या भागाला ठरवावं लागतं, ९०० चं एक लांबट पोट की ४५० ची दोन आखूड. एकाला k = ४.६९, दोनांना ४.३४. प्लेट स्वस्तातला मार्ग धरते, म्हणून ४.३४. मिळकत साडेआठ टक्के, चौपट नव्हे.

विदर्भ_व्हीएनआयटी
मी तिसऱ्या वर्षाला आहे. सूत्र पाठ आहे पण एक कळत नाही. पोटं चौरसच का येतात? प्लेट हवी तेवढी लांब पोटं का काढत नाही? खांब तर एकच लांब कमान काढतो.

गणिती_काकू
खांबाला फक्त लांबीच्या दिशेने वाकायचं असतं, म्हणून कमान जितकी लांब तितकं त्याला सोपं. प्लेटला दोन्ही दिशांनी वाकावं लागतं. बाजूच्या कडा धरलेल्या असल्यामुळे रुंदीत ६०० वर वाकणं तिला टळत नाही, पोट लांब असो की आखूड.

आता पोट फार लांब केलं तर लांबीच्या दिशेचं वाकणं नगण्य होतं, पण रुंदीच्या दिशेचं वाकणं तितकंच राहतं, आणि उतार मंद झाल्यामुळे वरचा भार खाली सरकून जे काम करतो ते कमी पडतं. मग वाकायला जास्त ताण लागतो. पोट फार आखूड केलं तर लांबीच्या दिशेचं वाकणं महाग पडतं. सूत्रात हेच दोन पदांच्या रूपाने लिहिलंय: m·b/a हे आखूडपणाचं, a/(m·b) हे लांबटपणाचं. दोन्ही १ झाले की बेरीज २, वर्ग ४. म्हणजे चौरस पोट.

लांबी रुंदीच्या नेमक्या पटीत नसेल तेव्हा पोटं थोडी ताणली किंवा दाबली जातात, म्हणून k चारच्या जरा वर राहतो. एका पोटाकडून दोनाकडे बदल a/b = १.४१ ला होतो, तिथे k = ४.५. दोनाकडून तीनाकडे २.४५ ला, तिथे ४.१७. पुढे कंगोरे इतके बसके होतात की ४ धरून चाललं तरी बिघडत नाही.

सावजी_तिखट
मंग लांबीचा फरक पडतच नाही म्हनता? हे तं पटत नाही बुवा. तुमच्याच यादीत पाच पट्ट्यांना ११३ आलं.

गणिती_काकू
तिथे तुमचं म्हणणं खरं ठरायला लागतं. a/b एकच्या खाली गेलं की एक पोटसुद्धा चौरस मावत नाही, आणि k झपाट्याने चढतो. ०.५ ला ६.२५, ०.४ ला ८.४. आणखी आखूड केली तर प्लेट बाजूच्या कडांना जवळजवळ विसरते आणि रुंद, बुटक्या खांबासारखी वागते. तेव्हा ऑयलर लागू होतो, लांबीचा वर्ग खाली येतो. पण तिथवर पोचायला बुटीबोरीकरांना एका बाजूला पाच पट्ट्या, चार बाजूंना वीस, आणि तेवढं सगळं वेल्डिंग. मिळकत ५६ टक्के.

त्याऐवजी एकच उभी पट्टी, भाराच्या दिशेने, वरपासून खालपर्यंत, रुंदीच्या मधोमध. b झाला ३००. ताण सरळ चौपट, २८९. हा झाला ई२५० च्या नम्यताबिंदूच्याही वर. तो चौपटवाला वर्ग इथे आहे.

गर्डरवाला
थांबा थांबा. मग प्लेट गर्डरच्या वेबला आपण उभे स्टिफनर का देतो? ते भाराच्या दिशेला आडवेच की, लांबी तोडणारे. IS 800 मध्येच अंतर दिलंय. काकूंच्या हिशेबाने ते सगळे फुकट?

गणिती_काकू
वेबमध्ये मुख्य मामला कर्तनाचा असतो. कर्तनात पोटं तिरकी येतात, आणि तिरक्या पोटाला आडवं कापलं की ते खरंच अडतं. तिथला गुणांक 5.35 + 4/(c/d)² असा आहे, c म्हणजे दोन स्टिफनरमधलं अंतर आणि d म्हणजे वेबची उंची. c/d तीनवरून दीडवर आणलं की ५.७९ चे ७.१३ होतात, एकवर आणलं की ९.३५. तिथे तो खर्च वसूल होतो. इथे कर्तन नाही, सरळ दाब आहे. गर्डरची सवय खांबावर लावली की वेल्डिंगचं बिल वाढतं, ताकद नाही.

गर्डरवाला
कर्तनाचं पटलं. पण आधारावरच्या बेअरिंग स्टिफनरबद्दल तरी असं म्हणू नका.

खडूस_ड्राफ्ट्समन
कोणी म्हटलं? गर्डरवाले, तुमचा धागा वेगळा काढा, तिथे आम्ही तर्री-पोहे घेऊन येतो.

नोड_मोजणारा
मी ही प्लेट सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिली. शेल एलिमेंट ५० मिमीचे, चारही कडांवर लंब दिशेचं सरकणं बंद, वर-खाली सारखा दाब. लिनियर बकलिंगचं उत्तर आलं ५०.७ मेगापास्कल, आणि पोटं दोनच. काकूंचे ७२.३ आणि तीन पोटं येत नाहीत. मेश २५ चा केला तरी उत्तर तेच. आता सूत्र खरं की सॉफ्टवेअर?

गणिती_काकू
दोन्ही खरे, पण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दोन पोटं आली यावरूनच कळतं. उभ्या कडांना रुंदीच्या दिशेने, प्लेटच्या पातळीतच, सरकायला बंदी घातली आहे का?

नोड_मोजणारा
हो, उभ्या दोन्ही कडांवर UY शून्य. प्लेट जागची पळू नये म्हणून.

गणिती_काकू
तिथेच आहे. दाबलेली प्लेट पॉयसनच्या परिणामाने बाजूला पसरू बघते. तुम्ही दोन्हीकडून भिंत घातली, त्यामुळे आडव्या दिशेने मूळ ताणाच्या ०.३ इतका दाब आपोआप तयार झाला. आता प्लेट दोन्हीकडून दाबली जाते आहे. त्याचं सूत्र

```
k = (x + 1)² / (x + 0.3),   x = (m·b/a)²
```

m = ३ ला ३.०८ येतो, m = २ ला २.८०. म्हणून दोन पोटं जिंकली. २.८० गुणिले १८.०८ = ५०.७. तुमचं सॉफ्टवेअर अगदी चोख आहे.

उभ्या कडांचा UY सोडून द्या. प्लेट पळू नये आणि फिरू नये एवढ्यासाठी एकाच उभ्या कडेचे वरचा आणि खालचा असे दोन कोपरे UY मध्ये धरा, आणि मध्यरेषेवरचा एक बिंदू उंचीच्या दिशेने. मग ७२ च्या आसपास आणि तीन पोटं यायला हवीत. बकलिंगचा निकाल तपासताना आकड्याच्या आधी पोटं मोजावीत. आकडा योगायोगाने जवळ येऊ शकतो, पोटांची संख्या सहसा खोटं बोलत नाही.

नोड_मोजणारा
आलं. ७२.१, तीन पोटं. दुसरा मोड चार पोटांचा, ७८ च्या जवळ. म्हणजे मधोमध पट्टी लावल्यावर येतो तोच.

पण एक शंका राहिली. बॉक्सच्या कोपऱ्याला पूर्ण वेल्ड आहे. मग कडा नुसती टेकलेली का धरायची? घट्ट धरलेली समजलं तर उभ्या कडांसाठी k जवळजवळ ७ मिळतो, ताण १२६. मग बुटीबोरीकरांना काहीच करायला नको.

जुना_हातोडा
ते तसं होत नाही. कोपऱ्याला वेल्ड कितीही दणकट असो, कोपऱ्याच्या पलीकडे काय आहे ते बघा. पलीकडे तशीच ६०० ची, तशीच ६ मिमीची प्लेट आहे, आणि तीही त्याच क्षणी वाकायला निघालेली. एक आत जाते, शेजारची बाहेर. कोपरा काटकोनच राहतो, पण आख्खा फिरतो. चौघी सारख्याच अशक्त, कोणी कोणाला धरणार? समान बाजूंच्या चौकोनी बॉक्सला k = ४ हेच बरोबर आहे. बॉक्स ६०० × ३०० असता तर अरुंद बाजूंनी रुंद बाजूला थोडा टेकू दिला असता, k चार आणि सातच्या मध्ये कुठेतरी.

आणि दुसरं. काकू ७२ ला फार मान देत आहेत. प्लेट ७२ ला पडत नाही. मधला भाग फुगतो आणि भार झटकतो, तो कडांजवळच्या पट्ट्यांकडे जातो, त्या कोपऱ्याच्या आधाराने नम्यतेपर्यंत उभ्या राहतात. म्हणून १०० चा दाब ७२ च्या वर आहे एवढ्यावर प्लेट नापास करता येणार नाही.

गणिती_काकू
मान द्यायला ७२ ला हरकत नाही, पण तुमचा मुद्दा खरा आहे. हिशेब करू. फुगल्यानंतर किती रुंदी कामाची उरते ते विंटरच्या सूत्राने काढतात: λ = √(२५०/७२.३) = १.८६, आणि (λ − 0.22)/λ² = ०.४७. ६०० पैकी २८४ मिमी रुंदी कामाची धरायची. सरासरी ११८ मेगापास्कल, १.१ ने भागून १०८. तुमचा १०० पास.

जुना_हातोडा
बघा. मग पट्टी कशाला?

गणिती_काकू
कारण IS 800 ची दुसरी वाटही आहे. एकतर IS 801 प्रमाणे बकलिंगनंतरची ताकद मोजा, नाहीतर मर्यादेबाहेरची रुंदी सरळ वजा करा. बॉक्सच्या आतल्या प्लेटला शुद्ध दाबात मर्यादा जाडीच्या ४२ पट. म्हणजे २५२ मिमी. २५२/६०० गुणिले २५० भागिले १.१ = ९५. तुमचा १०० नापास. तपासणारा कुठली वाट धरतो त्यावर ठरणार. आणि मला स्वतःला ते फुगलेलं पोट रोजच्या भारात नको आहे. गुणक काढले तर रोजचा दाब ६६-६७ च्या आसपास असेल, म्हणजे ७२ च्या दारातच. मशिनचा आधार आहे, भार खाली-वर होणार, पत्रा आत-बाहेर करणार, आणि कोपऱ्याचा वेल्ड दर वेळी वाकणार.

जुना_हातोडा
रोजच्या भाराचं मान्य. पण ११८ ची ताकद फुकट घालवायची हे मला मान्य नाही. सरळ दाबाच्या, हलत्या नसलेल्या भारात मी विंटरच धरीन.

डक्टवाला
मस्त चर्चा. माझं जरा वेगळं. पत्र्याच्या चौकोनी डक्टचे पॅनल, मे महिन्यात दुपारी पोट येतं, "ठण्ण" असा आवाज होतो, संध्याकाळी परत सपाट. भार तर काहीच नाही. मग कुठला क्रांतिक ताण?

खडूस_ड्राफ्ट्समन
नागपूरच्या मे महिन्यात माणसंही हेच करतात.

गणिती_काकू
डक्टवाले, भार नाही कसा? पत्रा तापला, चौकट तेवढी तापली नाही, पत्र्याला पसरायला जागा नाही. एका दिशेने पूर्ण अडवला तर दर अंशाला २.४ मेगापास्कल. t/b १/१०० असेल तर ३० अंशांच्या फरकाला ७२, म्हणजे नेमकी हीच हद्द. पण तुमचा पत्रा चारही बाजूंनी अडवलेला, दोन्हीकडून सारखा दाब. लांबट पॅनलला तेव्हा k एकच्या जरा वर असतो, आणि पाच-सहा अंशांचा फरकही पुरतो. फरक पत्रा आणि चौकट यांच्यातला मोजायचा, हवेचं तापमान नव्हे. अशा पॅनलला आधीच तिरकी घडी मारून देतात ती याचसाठी. पोट कुठे आणि कुठल्या बाजूला येणार ते ठरून जातं, आवाज बंद होतो.

बुटीबोरीकर
डक्टचं झालं असेल तर परत माझ्या खांबाकडे या. उभी पट्टी घ्यायचं ठरलं. माप काय? गोदामात ४०×५ ची फ्लॅट पडून आहे.

गणिती_काकू
४०×५ चालणार नाही. पट्टीचं काम ती रेषा सरळ ठेवणं आहे. पट्टी लेचीपेची असेल तर प्लेट आणि पट्टी मिळून १८०० ची एकच लांब कमान काढतात आणि चौपट फायदा कागदावर राहतो.

६०×६ घेतली तर तिचं क्षेत्र प्लेटच्या दहा टक्के. १८०० उंचीवर प्लेट ३०० च्या दोन भागांतच वाकावी यासाठी प्लेटच्या पृष्ठापासून मोजलेलं जडत्व ४,३२,००० मिमी⁴ लागतं. ६०×६ चं भरतं ६ × ६०³ / ३ = ४,३२,०००. अगदी काठावर. काठावरचं सैद्धांतिक माप घेऊ नये, पट्टी स्वतः कधीच तंतोतंत सरळ नसते. ७५×८ घ्या. मागणी ५,४६,००० होते, कारण पट्टीही भार उचलते, आणि तिचं जडत्व ११,२५,०००. दुपटीने पुरतं. रुंदी जाडीच्या साडेनऊ पटीच्या आत, म्हणजे पट्टी स्वतः मुडपण्याचीही भीती नाही.

कोडाने तपासलं तर ३०० च्या प्रत्येक भागात २५२ कामाचे, म्हणून ६०० पैकी ५०४. ०.८४ × २५० / १.१ = १९१. तुमचे १०० निवांत. आख्ख्या खांबाचं बकलिंग अर्थातच वेगळं तपासा.

विदर्भ_व्हीएनआयटी
मग ती मधली आडवी पट्टी पूर्ण बादच ना?

गणिती_काकू
गंमत इथेच आहे. एकटीने ती फक्त साडेआठ टक्के देते. पण उभ्या पट्टीबरोबर असेल तर ती उभ्या पट्टीची लांबी १८०० ची ९०० करते, आणि ती लांबी खांबाच्या हिशेबाने चालते. सावजीभाऊंचा ऑयलर इथे कामाला येतो. ९०० ला ५०×६ ची उभी पट्टी पुरते: मागणी १,८७,०००, हातात २,५०,०००. म्हणजे आडव्या पट्टीचा उपयोग प्लेटला नाही, उभ्या पट्टीला आहे.

सावजी_तिखट
पाहा! मी काय म्हणत होतो?

खडूस_ड्राफ्ट्समन
तुम्ही नऊपट म्हणत होता.

जुना_हातोडा
एवढ्यासाठी जोड वाढवू नका. ५०×६ आणि ७५×८ मधला फरक एका बाजूला चार-सव्वाचार किलोचा. आडव्या पट्टीचं कटिंग, क्रॉसिंगवरची खाच, जादा वेल्ड, सगळं मिळून त्याहून महाग. नुसती ७५×८ उभी. आडवी घ्यायचीच झाली तर क्रॉसिंगवर आडवी कापायची, उभी कापायची नाही. भार उभी वाहते.

वेल्डचं नीट ऐका. बॉक्स बंद करायच्या आधी पट्ट्या मारून घ्या, नंतर आत हात जात नाही. एका दमात सलग वेल्ड ओढला तर ६ मिमी प्लेट पट्टीच्या रेषेवर मुडपते आणि दोन्ही भागांना आधीच पोट येतं. दोन्ही बाजूंनी तुटक वेल्ड, आळीपाळीने, मधून टोकांकडे. मात्र दोन्ही टोकांना तो सलग हवा, आणि पट्टी वर-खाली डायफ्रॅमला भिडवून वेल्ड करा. २०-२५ मिमी आधी थांबवली तर तिथली प्लेट परत ६०० ची उघडी पडते, आणि बरोबर तिथेच, टोकाशी, वाकते.

झाल्यावर सरळ पट्टी लावून फट बघा. ६०० च्या रुंदीत ३ मिमीचं पोट म्हणजे रुंदीचा दोनशेवा भाग. नॉनलिनियर विश्लेषणातही एवढाच वाकडेपणा गृहीत धरतात. त्यापुढे गेलं तर हे सगळे आकडे खाली येतात. आणि फुगलेली जागा सपाट करण्यासाठी जोड सोडायचा प्रयत्न करू नका. मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलावर १५ ऑक्टोबर १९७० ला बॉक्स गर्डरच्या वरच्या प्लेटचं पोट घालवायला बोल्ट काढत गेले, ११२ मीटरचा गाळा कोसळला, ३५ माणसं गेली.

गर्डरवाला
त्यापेक्षा पट्टीच नको, जाड प्लेट घ्या. १४ मिमी.

नोड_मोजणारा
१४ × ४२ = ५८८. बारा मिमी कमी पडतात, १६ ला जावं लागेल. एका बाजूला १३६ किलो. ६ मिमी प्लेट अधिक ७५×८ मिळून ५९-६० किलो.

बुटीबोरीकर
मग ६ मिमी आणि ७५×८ उभी, टोकं डायफ्रॅमला. तपासणाऱ्याला वजाबाकीच्या वाटेने १९१ चा हिशेब पाठवतो. विंटरचा वाद तुम्ही दोघं चालू ठेवा.

जुना_हातोडा
पाठवा. फक्त प्लेट आली की आधी जाडी मोजा, चारही कोपरे आणि मध्य. जाडी सूत्रात वर्गाने बसते. ६ च्या जागी ५.७ निघाली तर क्रांतिक ताण पावणेदहा टक्क्यांनी उतरतो. ती मधली आडवी पट्टी देत होती त्याहून हे जास्त.

बुटीबोरीकर
मायक्रोमीटर आहे. गंज घासून मग मोजायची ना?

जुना_हातोडा
हो, काळी खपली पण काढून. ती भार घेत नाही.